बेस प्लेटचे डॉवेल: टोकावरची पोझिशन (प्रकल्प नोंदी)

९ जून

बेस प्लेटचा लॉट आला, बारा नग, ईएन८, १० मिमी जाडी. सोबत लॅबचा रिपोर्ट, सगळ्या भोकांची पोझिशन ०.०४ च्या आत, बरेच आकडे तर ०.०१ च्याही खाली. मी खूष, सावंत काकांनी लगेच प्रेसवर डॉवेल ठोकले (८ मिमीचे, ३० लांब, एका प्लेटला दोन, पिच ८०), आणि संध्याकाळी वरची प्लेट बसवायला घेतली तर पहिलीच अडकली. म्हणजे पिनच्या टोकावर बसते, हलवली की एक बाजू घुसते, दुसरी वर राहते. नायलॉनच्या हातोडीनं दोन ठोके दिल्यावर गेली खाली, पण काढताना जी काय झटापट झाली ती बघून काकाच म्हणाले, "मॅडम, हे ऑपरेटर दिवसातून चाळीस वेळा करणार आहे, पहिल्याच दिवशी फेकून देईल."

बारापैकी पाच अशा. बाकीच्या सात बसतात, त्यातल्या दोन जरा कुरकुरत.

काकांचं पहिलं म्हणणं नेहमीचंच, दोन्ही प्लेटा एकत्र क्लॅम्प करून एकदम ड्रिल-रीमर करू. इथे ते चालणार नाही, कारण कुठलीही वरची प्लेट कुठल्याही बेसवर बसली पाहिजे, गिऱ्हाइकाकडे जॉबप्रमाणे वरच्या प्लेटा बदलतात. जोड्या लावून द्यायच्या असत्या तर मी ही वहीच उघडली नसती.

१० जून

सकाळी अडकलेल्या प्लेटच्या पिना भिंगाखाली बघितल्या. चकाकलेला घासल्याचा डाग आहे, पण फक्त टोकाकडच्या चार-पाच मिमीत, आणि दोन्ही पिनांवर बाहेरच्या बाजूला. खाली मुळाशी पिन अगदी कोरी. हे महत्त्वाचं आहे. नुसता पिच चुकला असता, म्हणजे भोकं सरळ पण एकमेकांपासून लांब, तर डाग पिनच्या पूर्ण उंचीवर दिसला असता. टोकालाच डाग म्हणजे पिना वाकड्या उभ्या आहेत, इंग्रजी व्ही सारख्या, खाली बरोबर आणि वर फाकलेल्या.

मग रिपोर्ट नीट वाचला (काल वाचायला हवा होता, काल फक्त हिरवा रंग बघितला). प्रत्येक भोकात एकच सर्कल मोजलंय, खोली ५ मिमी, म्हणजे बरोबर मध्यावर. या प्लेटच्या दोन्ही भोकांची पोझिशन ०.००५ आणि ०.००५. एवढी सुंदर. आणि प्लेट बसत नाही. एका सर्कलला कल माहीतच नसतो, वाकडं भोकही मध्यावर जागेवर असू शकतं, काठी मध्ये धरून कितीही तिरकी केली तरी धरलेला बिंदू हलत नाही तसं.

लॅबला शिव्या द्यायच्या होत्या पण ड्रॉइंग उघडलं आणि गप्प बसले, पण ते पुढे.

१२ जून

पावसानं हार्बर लाइन बंद, पूजा अकराला पोचली, मग अडकलेल्या प्लेटच्या पिना काढून मरोळच्या लॅबमध्ये गेलो ती प्लेट घेऊन, पाऊण तास रिक्षातच. यावेळी आम्ही समोर उभं राहून मोजायला लावलं, प्रत्येक भोकात दोन सर्कल, वरच्या फेसपासून २ मिमी खाली आणि ८ मिमी खाली. वरचा फेस म्हणजे ड्रॉइंगवरचा डेटम ए, ज्याच्यावर वरची प्लेट टेकते.

उजवं भोक, आकडे मायक्रॉनमध्ये आणि खऱ्या जागेपासून किती सरकलं ते:
२ मिमी खाली: एक्स +१०, वाय −३
८ मिमी खाली: एक्स −५, वाय +३

आता हे दोन बिंदू जोडून रेषा काढायची. सहा मिमीत एक्स १५ नं बदलला, म्हणजे दर मिमीला अडीच मायक्रॉन, वाय दर मिमीला एक मायक्रॉन उलट दिशेनं. ही रेषा प्लेटच्या वरच्या फेसपर्यंत नेली तर अक्ष +१५, −५ वर येतो. केंद्रापासूनचं अंतर साधारण १६ मायक्रॉन, आणि पोझिशन ही व्यासात सांगतात म्हणून दुप्पट, ०.०३२. खालच्या फेसला तेच ०.०२२. म्हणजे भोकाच्या पूर्ण खोलीत मोजलं तरी ०.०४ च्या आत, ओके. लॅबवाला म्हणाला, बघा, पासच आहे.

पण पिन फेसवर संपत नाही ना. ती अजून २० मिमी वर जाते. तीच रेषा फेसपासून २० मिमी वर नेली: एक्स १५ + ५० = ६५, वाय −५ − २० = −२५. अंतर ७० मायक्रॉन, पोझिशन ०.१३९.

मध्यावर ०.००५, भोकात ०.०३२, टोकावर ०.१३९. एकच भोक, एकच दिवस, एकच मशीन. पूजानं कॅल्क्युलेटर दोनदा मारला.

डावं भोक उलट्या बाजूला कललंय, टोकावर एक्स −५०, वाय +१५, पोझिशन ०.१०४. तर टोकांमधलं अंतर ८० ऐवजी ८०.११५ झालं, म्हणजे ११५ मायक्रॉन जास्त. वायमधला ४० मायक्रॉनचा फरक प्लेट जराशी फिरून सामावून घेते. वरच्या प्लेटची भोकं ८.११ निघाली आणि पिना ८.०१, म्हणजे दोन भोकं मिळून सगळी मोकळीक १०० मायक्रॉन. ११५ काही १०० मध्ये मावत नाही. हातोडीनं गेली ती पिना वाकून गेली.

दोन्ही भोकं एकाच बाजूला सारखी कलली असती तर प्लेट बसलीही असती कदाचित, फक्त सरकून बसली असती. त्या सात "चांगल्या" प्लेटांमध्ये असं काय काय लपलंय ते बघावं लागेल.

१३ जून

चूक माझी आहे. ड्रॉइंगवर भोकाला पोझिशन ०.०४ दिली, डेटम दिले, पण सर्कल पी, म्हणजे प्रोजेक्टेड झोनची खूण, लावला नाही. म्हणजे मी मशीनवाल्याला आणि लॅबला कागदावर सांगितलं की भोकाच्या १० मिमी खोलीत अक्ष ०.०४ च्या नळकांडीत ठेव, बाहेर काय होतं ते मला नको. त्यांनी तेवढं ठेवलं. एक सर्कल मोजणं हा त्यांचा आळस, पण दोन मोजले असते तरी रिपोर्ट हिरवाच आला असता.

भोकाच्या आत ०.०४ दिले तर टोकावर जास्तीत जास्त किती होऊ शकतं याचा हिशोब एएसएमई वाय १४.५ च्या परिशिष्टात फिक्स्ड फास्टनरसाठी आहे, तो इथे लिहून ठेवते:

```
H = F + T1 + T2(1 + 2P/D)
```

एच म्हणजे वरच्या प्लेटच्या भोकाचा किमान व्यास, एफ पिनचा कमाल व्यास, टी१ वरच्या भोकाची पोझिशन, टी२ प्रेस-फिट भोकाची, पी पिन किती वर येते आणि डी पिन किती खोल धरली आहे. कंसातला भाग कुठून येतो ते पाठ न करता चित्र काढून बघितलं: भोकाच्या नळकांडीत अक्ष खालच्या एका कडेपासून वरच्या समोरच्या कडेपर्यंत तिरका जाऊ शकतो, म्हणजे डी एवढ्या खोलीत टी२ एवढा सरकतो, आणि मग बाहेर तोच कल पी एवढ्या उंचीपर्यंत.

आमचे आकडे: पी २०, डी १०, कंस येतो ५. पाचपट! ०.०४ दिलं असं मला वाटत होतं, प्रत्यक्षात टोकाला ०.२० दिलं होतं. मग वरचं भोक किमान ८.०१५ + ०.०४ + ०.२० = ८.२५५ हवं. मी दिलं ८.१. आणि ते ८.१ कुठून आलं? ८.०१५ + ०.०४ + ०.०४ = ८.०९५, म्हणजे वरचं भोक काढताना मी डोक्यात प्रोजेक्टेड झोन धरूनच हिशोब केला होता, फक्त कागदावर तो लिहिला नाही. हिशोब एका नियमानं, ड्रॉइंग दुसऱ्या.

शेठना सांगितलं तर त्यांचा उपाय, "०.०४ चं ०.००८ कर ना, पाचपट संपली." गणितात बरोबर आहे. पण मग जे भोक अगदी सरळ आहे पण १० मायक्रॉन बाजूला सरकलंय ते पोझिशन ०.०२ म्हणून रिजेक्ट होणार, आणि त्यात बसवलेली पिन तर टोकापर्यंत १० मायक्रॉनच बाजूला, वरची प्लेट आरामात बसते. आठ मायक्रॉनच्या पोझिशनचं बिल आलं असतं तर शेठच सगळ्यात आधी ओरडले असते. आपल्याला जागा सैल चालते, कल चालत नाही. सर्कल पी तेच सांगतो: झोन भोकात नको, फेसच्या वर धर, जिथे पिन दुसऱ्या प्लेटला भेटते.

१६ जून

उंची किती लिहायची यावर अर्धा दिवस गेला, आणि गेला ते बरं झालं.

पहिलं मी १८ लिहिलं, कारण वरची प्लेट १८ जाडीची. बोल्टसाठी हेच करतात, टॅप केलेल्या भोकाला प्रोजेक्शन म्हणजे वरच्या पार्टची कमाल जाडी. पण बोल्ट नंतर येतो, प्लेट आधीच बसलेली असते. डॉवेल आधीपासून उभा असतो आणि प्लेटला त्याच्या टोकावरून खाली यायचं असतं, म्हणून दोन्ही टोकं एकाच वेळी दोन भोकांत शिरायला हवीत. टोकाचा थोडा चॅम्फर मदत करतो, पण तेवढ्यावर भरवसा नको. स्टड किंवा प्रेस-फिट पिनसाठी उंची म्हणजे बसवल्यावर पिन जास्तीत जास्त जितकी वर येईल तेवढी, जाडी नाही.

मग २० लिहिलं. निलेशला म्हटलं बसवलेल्या पिना हाइट गेजनं मोज जरा. सगळ्यात उंच २०.४. ड्रॉइंगवर २० असलं तरी काका पिन खालच्या फेसला फ्लश करतात आणि पिनच्या लांबीतला फरक सगळा वर निघतो. पिन ३० म्हणून विकत घेतली तरी ती अर्धा मिमी इकडेतिकडे असतेच. तर दोन गोष्टी केल्या, प्रेसला २० उंचीची स्टॉप स्लीव्ह करून घ्यायची ठरवली म्हणजे फरक खाली जाईल (खाली खिसा आहे, चालतं), आणि झोनची उंची २०.५ लिहिली. अर्ध्या मिमीनं निकालात फार फरक नाही, ०.१३९ चं ०.१४२ होतं, पण उंची ही नेहमी कमाल असते, नॉमिनल नाही, हे एकदा लिहिलेलं बरं.

```
⌖ | ⌀0.04 Ⓟ 20.5 | A | B | C
```

अजून एक. भोक आरपार आहे. नुसतं हे वाचून मोजणाऱ्याला कळत नाही की झोन वर काढायचा की खाली. आमच्याकडे दोन्ही फेस ग्राइंड केलेले, सारखे दिसतात, पूजानं प्रामाणिकपणे विचारलं "पिन कुठल्या बाजूला येणार?" म्हणून ड्रॉइंगच्या सेक्शनमध्ये वरच्या फेसपासून जाड चेन लाइन काढली आणि तिलाच २०.५ चं माप दिलं.

आधीच्या आवृत्तीत या भोकाला सर्कल एम पण होता, कुठल्यातरी जुन्या क्लिअरन्स भोकाच्या ड्रॉइंगवरून चिकटलेला. काढला. प्रेस-फिटमध्ये भोक थोडं मोठं निघालं म्हणून पिनला हलायला जागा मिळत नाही, ती भोकाच्या अक्षावरच उभी राहते, मग बोनस टॉलरन्स कशाचा देणार.

१८ जून

आता खरा प्रश्न, मोजायचं कसं. परवा जे केलं ते, दोन सर्कल आणि रेषा वर ओढायची, हे दिसायला सोपं आहे पण मला रात्री झोप लागेना म्हणून हिशोब केला.

दोन सर्कलमध्ये अंतर फक्त ६ मिमी. वरच्या सर्कलपासून टोक २२.५ मिमी लांब. समजा वरच्या सर्कलचं केंद्र २ मायक्रॉन एका बाजूला चुकलं आणि खालचं २ मायक्रॉन दुसऱ्या बाजूला (रीमरची खूण, बारीक चिप, प्रोब नीट पुसला नाही, काहीही). टोकावर ही चूक साडेआठपट होऊन १७ मायक्रॉन होते, पोझिशनमध्ये दुप्पट म्हणजे ०.०३४. आपली पूर्ण टॉलरन्स ०.०४. म्हणजे अगदी चांगलं भोकही फेल दाखवू शकतं, आणि वाईट पासही होऊ शकतं. पट्टीचा छोटा तुकडा धरून रस्त्यापलीकडे रेघ मारण्यातला प्रकार. त्यात भोकाचं तोंड थोडं घंटीसारखं उघडलं असेल तर वरचं सर्कल अजूनच भलतीकडे जातं, कारण पिन त्या रुंद तोंडाला शिवतच नाही, ती खालच्या अरुंद भागावर बसते, पण प्रोब मात्र शिवतो.

म्हणून भोक न मोजता भोकात गेज पिन घालून बाहेर आलेली पिन मोजायची. आमची भोकं ८ एन७, म्हणजे ७.९८१ ते ७.९९६, साध्या सेटमधली पिन उपयोगाची नाही. नागदेवीला दोन दुकानं फिरले, ०.०१ च्या पायरीचे सेट मिळतात, ते नकोत. शेवटी शेजारच्या गाळ्यातल्या टूलरूमवाल्यांकडे २ मायक्रॉनच्या पायरीचा सेट होता, एक दिवसासाठी मागून आणला, बदल्यात त्यांच्या सरफेस ग्राइंडरचं काम आमच्या निलेशनं करून दिलं.

पद्धत: बोटानं दाबून जाणारी सगळ्यात जाड पिन घालायची. ती फेसपासून २ मिमी आणि १८.५ मिमी उंचीवर सर्कलनं मोजायची. आता दोन सर्कलमध्ये १६.५ मिमी अंतर आणि टोक फक्त २ मिमी पुढे, तीच २-२ मायक्रॉनची उलटसुलट चूक टोकावर जेमतेम अडीच मायक्रॉन होते. १७ वरून अडीचवर. मग पिन १८० अंश फिरवून परत मोजायचं आणि सरासरी घ्यायची, म्हणजे पिन स्वतःच जराशी वाकडी असली तर तो दोष निघून जातो.

यालाही मर्यादा आहे. पिन आणि भोकात २ मायक्रॉनची मोकळीक राहिली तर १० मिमीच्या पकडीत पिन तेवढी डुलते, आणि टोकावर ती पाच मायक्रॉन हलते, पोझिशनमध्ये ०.०१. म्हणून ०.०३० च्या वर आलेलं भोक मी पास लिहिणार नाही, पुढची जाड पिन घालून बघणार.

२१ जून

प्रोग्रॅम पूजानं लिहिला. डेटम ए वरचा फेस, अक्षाची रेषा काढून फेसवर (शून्य) आणि २०.५ वर तिचं अंतर, दोन्हीतलं मोठं घेऊन दुप्पट. मधल्या उंची तपासायची गरज नाही, रेषा सरळ आहे म्हणजे सगळ्यात लांब ती या नाहीतर त्या टोकालाच असते. निलेशनं विचारलं, मग भोकाच्या आत काहीच तपासायचं नाही का? पोझिशनसाठी नाही, झोन पूर्ण फेसच्या बाहेर आहे. आतला व्यास आणि फिनिश वेगळं.

बाकीच्या प्लेटांत ठोकलेल्या डॉवेल पिना आधी काढाव्या लागल्या, त्यात एका प्लेटचं भोक खरवडलं, तो नग बाद धरला. राहिलेल्या ११ प्लेटांची २२ भोकं मोजली. नऊ फेल. अडकलेल्या प्लेटचं उजवं भोक गेज पिननं ०.१३३ आलं, रेषा ओढून ०.१४२ आलं होतं, म्हणजे परवाचा निष्कर्ष बरोबर होता, आकडा नशिबानं जवळ आला.

आणि "बसतात" म्हणून बाजूला ठेवलेल्या सातमधल्या दोन प्लेटांमध्ये दोन्ही पिना एकाच बाजूला कललेल्या निघाल्या. वरची प्लेट बसते, पण जवळपास ४० मायक्रॉन सरकून. गिऱ्हाइकाच्या ड्रिलिंगमध्ये ती चूक थेट गेली असती आणि आपल्याला तीन महिन्यांनी फोन आला असता.

२४ जून

कल येतो कुठून. मशीनवाल्याच्या गाळ्यात गेले, त्यानं मोकळेपणानं प्रोसेस सांगितली: ७.८ चं ड्रिल सरळ, मग रीमर. स्पॉट ड्रिल नाही. ड्रिल सुरुवातीला ज्या बाजूला सरकतं त्या बाजूनं तिरकं जातं आणि रीमर ड्रिलच्या मागे मागे मुकाट्यानं जातो, तो व्यास आणि फिनिश सुधारतो, अक्ष सुधारत नाही. १० मिमीत २७ मायक्रॉन सरकणं यात काहीच नवल नाही. प्लेट खाली चिप अडकून तिरकी बसली असती तर दोन्ही भोकं एकाच दिशेनं कलली असती, आमच्या अडकलेल्या पाचमध्ये उलटसुलट आहेत, म्हणजे दोष ड्रिलचाच. त्या दोन एकाच बाजूला कललेल्यांबद्दल मात्र मला चिपचाच संशय आहे, पण आता सिद्ध करता येणार नाही.

नवीन क्रम: स्पॉट, ७ चं ड्रिल, मग छोट्या बोरिंग बारनं ७.८, मग रीमर. बोरिंग बार आधीच्या भोकाच्या मागे जात नाही, स्पिंडलच्या अक्षावर कापतो, तिथे कल मरतो. दर भोकाला दीड-दोन मिनिटं वाढली, त्याचे पैसे त्यानं मागितले, शेठनी कुरकुरत दिले.

एक नमुना नग करून मोजला: उजवं ०.०२७, डावं ०.०२३, दोन्ही टोकावर. फेसवर ०.०१५ च्या आत.

२८ जून

नमुन्यात पिना ठोकल्या, आणि मुद्दाम परत मोजल्या, यावेळी खऱ्या पिना. उजवी ०.०२९, भोकाशी जुळते. डावी ०.०५१! भोक ०.०२३ होतं.

पिन काढून बघितलं तर भोकाच्या तोंडाशी एकाच बाजूला ओरखडा. काकांनी पिन हातानं धरून प्रेसखाली लावली होती, ती जरा तिरकी शिरली, कडक पिननं मऊ भोकाची भिंत खरवडली आणि स्वतःचा रस्ता काढला. प्रोजेक्टेड झोन भोकाला लागतो, पिनला नाही, तो गृहीत धरतो की पिन भोकाचा अक्ष पाळणार. हे गृहीतक प्रेसवर मोडतं. म्हणून असेंब्ली ड्रॉइंगवर बसवलेल्या पिनच्या टोकाची पोझिशन वेगळी लिहिली, आणि स्टॉप स्लीव्हलाच आतून ८.०२ चं गाइड केलं, पिन आता सरळच जाते, काकांनी पण मान्य केलं (म्हणजे काही बोलले नाहीत).

पिन सैल बसली तरी तेच होतं. कोणी भोकाला एच७ आणि पिनला एम६ देऊन प्रेस-फिट म्हणत असेल तर ते पुरेसं नाही, भोक कमाल १५ मायक्रॉन वर आणि पिन किमान ६ वर आली तर ९ मायक्रॉनची फट राहते, पिन डुलते आणि भोक कितीही सरळ असलं तरी टोक कुठेही जातं. आमच्या एन७ ला किमान १० मायक्रॉनची पकड राहते.

२ जुलै

फेल प्लेटा भंगारात टाकायच्या नाहीत असं ठरलं. कललेलं भोक बोरिंग करून १० एन७, अक्ष सरळ, आणि त्यात स्टेप डॉवेल, खाली १० वर ८, दोन्ही व्यास एकाच सेटिंगमध्ये ग्राइंड केलेले. वरच्या प्लेटला हात लावायचा नाही.

यात नवी चूक एकच शिरते, दोन व्यासांचे अक्ष किती जुळतात. भोकाची टॉलरन्स आता भोकाची राहत नाही, पायरीची विक्षिप्तता त्यात जाते: अक्ष ५ मायक्रॉन सरकले तर पोझिशनमध्ये ०.०१ गेले. म्हणून या दुरुस्त प्लेटांवर भोकाला ०.०४ ऐवजी ०.०३ सर्कल पी २०.५, आणि पायरीचा रनआउट ०.०१ लिहिला. पहिली दुरुस्त प्लेट आज मोजली, पिना घालून टोकावर ०.०३३ आणि ०.०२८. वरच्या सहा प्लेटा एकामागून एक चढवल्या आणि उतरवल्या, सगळ्या स्वतःच्या वजनानं खाली गेल्या. काकांनी एकदा मुद्दाम तिरकी सोडली, तरी गेली.